कॅम उलटा फिरवला की अडकत नाही, असं का?

"सर, मी दहावीत आहे, इचलकरंजीला राहते. बाबा यंत्रमागावर जॉबर आहेत. विज्ञान प्रदर्शनासाठी मी कॅम आणि फॉलोअरचं मॉडेल केलं, म्हणजे फिरणारी असमान कडेची चकती आणि तिच्यावर टेकून वर-खाली होणारी सळई. कॅम प्लायवूडचा आहे, मध्यापासून कडा कमीत कमी 15 मिमी आणि जास्तीत जास्त 35 मिमी. तो 60 अंशांत सळई 20 मिमी वर नेतो, 180 अंशांत खाली आणतो आणि उरलेल्या 120 अंशांत ती खाली थांबते. चढण-उतार दर अंशाला सारखाच ठेवलाय. सळईचं टोक अणकुचीदार आहे, ती एका फळीच्या भोकातून वर जाते. सरळ फिरवलं की सळई अडकते, उलटं फिरवलं की अडकत नाही. परीक्षकांनी विचारलं, 'हे अचूक चालतं हे कशावरून?' मला सांगता आलं नाही. मला मेकॅनिकल डिप्लोमा करायचाय. काका म्हणतात, आता सगळीकडे सर्वो मोटर आल्यात, कॅम शिकून काय करणार, अकरावी सायन्स घे. मी काय करू?"

तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य म्हणजे उलटं फिरवून पाहिल्याचं. प्रवेशाचं नंतर बोलू. आधी या वाक्याचा माग काढू, कारण काकांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातूनच निघतं.

तुझ्या कॅमची कडा चढ सुरू होताना मध्यापासून 15 मिमीवर आहे. त्या अंतरावर 60 अंशांची कमान मोजलीस तर ती 15.7 मिमी भरते. एवढ्याशा वाटेत सळईने 20 मिमी चढायचं आहे. 20 भागिले 15.7 म्हणजे 1.27, आणि ज्या कोनाचा टॅन 1.27 आहे तो साधारण 52 अंश. याला प्रेशर अँगल म्हणतात: कॅम सळईला ज्या दिशेने ढकलतो ती दिशा आणि सळई ज्या दिशेने जायला हवी ती दिशा, यांच्यातला कोन. 52 अंशांवर कॅमचा आडवा रेटा उभ्या रेट्यापेक्षा जास्त होतो. सळई वर सरकण्याऐवजी भोकाच्या कडेवर दाबली जाते, तिथलं घर्षण वाढतं आणि ती अडकते. तू हँडल जितक्या जोराने फिरवशील तितकी ती घट्ट बसेल.

उलटं फिरवलंस की 180 अंशांचा उतार चढ होतो. 15 मिमीवर 180 अंशांची कमान 47.1 मिमी. तेवढ्या वाटेत तेच 20 मिमी चढायचे, म्हणून कोन 23 अंशांवर येतो. सरळ रेषेत चालणाऱ्या फॉलोअरसाठी हा कोन 30 अंशांच्या आत ठेवावा, असा डिझाइनचा साधारण नियम आहे. तुझा कॅम एका दिशेने त्या नियमात बसतो, दुसऱ्या दिशेने बसत नाही. तुला दिसलं ते इतकंच.

आता दुरुस्ती. चढ लांब कर आणि कॅम मोठा कर. कमीत कमी अंतर 30 मिमी घे, लिफ्ट, म्हणजे सळईची एकूण चढण, 20 मिमीच राहू दे. 120 अंश चढ, 60 अंश वर थांबा, 120 अंश उतार, 60 अंश खाली थांबा. सळईला एका पातळ फळीच्या भोकाचा आधार पुरत नाही, तिथे ती तिरपी होऊन धरते. एकमेकींपासून पाच-सहा सेंटिमीटरवर दोन फळ्या लाव, भोकं एका रेषेत पाड आणि खालची फळी कॅमच्या शक्य तितकी जवळ आण.

मग चढाचा आकार. दर अंशाला सारखी चढण म्हणजे सळई थांबलेली असते आणि पुढच्याच क्षणी पूर्ण वेगात असते. वेग असा एकदम बदलला की धक्का बसतो. हळू फिरवलंस तर टक् असा आवाज येईल, जोरात फिरवलंस तर सळई कॅमवरून उडेल. त्याऐवजी सरल आवर्त गती घे. त्यासाठी अकरावीचं गणित लागत नाही, कंपास पुरतो. 20 मिमी व्यासाचं अर्धवर्तुळ व्यास उभा ठेवून काढ, त्याचे आठ सारखे भाग कर आणि प्रत्येक खुणेपासून व्यासावर आडवी रेघ ने. व्यासावर मिळालेल्या उंच्या म्हणजे दर 15 अंशांना सळई कुठे हवी त्याचा तक्ता: 0.8, 2.9, 6.2, 10, 13.8, 17.1, 19.2 आणि शेवटी 20 मिमी. सुरुवातीच्या 15 अंशांत एक मिलिमीटरही नाही, मधल्या 15 अंशांत जवळपास चार मिलिमीटर, शेवटी पुन्हा हळू. या कॅमवर चढाच्या मध्यात प्रेशर अँगल सुमारे 21 अंश येतो, म्हणजे तो कुठल्याही दिशेला फिरव, अडकणार नाही.

या गतीतही वेग बदलण्याचा दर चढाच्या दोन्ही टोकांना एकदम उडी घेतो, म्हणून फार वेगाच्या यंत्रांत सायक्लॉइडल नावाची आणखी मऊ गती वापरतात. हाताने फिरवायच्या मॉडेलला त्याची गरज नाही.

अणकुचीदार टोक मात्र बदल. ते प्लायवूडमध्ये खोबण पाडतं आणि आकार बिघडवतं. 608 नंबरचं बेअरिंग सहज मिळतं, बाहेरचा व्यास 22 मिमी. ते सळईच्या टोकाला रोलर म्हणून लाव, आणि सळई स्वतःभोवती वळणार नाही अशी एखादी खाच ठेव. इथे बहुतेकजण फसतात: तक्त्यातले बिंदू जोडून कॅम कापतात आणि वर रोलर बसवतात. लिफ्ट 20 मिमीच मिळते, म्हणून चूक लक्षात येत नाही, पण मधल्या उंच्या तक्त्याशी जुळत नाहीत. रोलर कॅमला नेहमी आपल्या सगळ्यात खालच्या बिंदूवर टेकत नाही, चढावर तो बाजूने टेकतो. तक्त्यातली उंची रोलरच्या केंद्राची धरायची. मध्यापासून 30 अधिक 11, म्हणजे 41 मिमीपासून सुरुवात करून प्रत्येक 15 अंशांना केंद्राचा बिंदू मांड, त्या प्रत्येक बिंदूवर 11 मिमी त्रिज्येचं वर्तुळ काढ आणि सगळ्या वर्तुळांना आतून स्पर्श करत जाणारी वक्ररेषा ओढ. कॅमची कड ती. केंद्र लांब गेल्यामुळे प्रेशर अँगलही 16 अंशांवर येतो.

परीक्षकांचा प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर मोजून द्यायचं असतं. शाफ्टवर 360 अंशांची चकती चिकटव, सळईच्या वरच्या टोकाला डायल गेज लाव. एक भाग म्हणजे 0.01 मिमी असलेलं साधं डायल गेज वर्कशॉपमध्ये असतं, बाबांच्या ओळखीत एखादा टर्नर असेल तर दोन तासांसाठी मागून आण. त्याची सुई 20 मिमी फिरत नसेल तर उंचीसाठी व्हर्नियर घे आणि डायल फक्त थांब्यांवर लाव. दर 15 अंशांना वाच आणि तक्त्याशेजारी लिही.

आकड्यांतली तफावत कुठून आली तेही कळतं. थांब्याच्या 60 अंशांत सुई हलायलाच नको. ती सावकाश एका बाजूला सरकत गेली तर शाफ्टचं भोक नेमक्या मध्यावर नाही असा पहिला संशय घे. भोक अर्धा मिमी सरकलं तर एका फेरीत सळई सुमारे अर्धा मिमी वर आणि अर्धा मिमी खाली चुकते. त्याच कोनावर पुढे फिरवत येताना एक आकडा आणि मागे फिरवत येताना दुसरा आकडा मिळत असेल, तर कॅम शाफ्टवर सैल आहे. सुई बारीक थरथरत असेल तर कड खडबडीत आहे, पॉलिश पेपर लाव. परीक्षकांपुढे असा भरलेला तक्ता ठेवलास की 'तफावत एवढी आहे आणि ती या कारणाने आहे' हे तुला सांगता येईल.

मोटर लावायचा मोह होईल, तर एक मर्यादा लक्षात ठेव. स्प्रिंग नसेल तर सळई फक्त स्वतःच्या वजनाने कॅमला टेकून राहते. या कॅमसाठी हिशोब केला तर मिनिटाला साधारण 200 फेऱ्यांवर कॅमची कड गुरुत्वाकर्षणापेक्षा वेगाने खाली पळू लागते आणि रोलर कड सोडतो. उतरताना भोकातलं घर्षण सळईला धरून ठेवतं, म्हणून प्रत्यक्षात त्याआधीच सोडेल. वेग दुप्पट केलास तर सळई कॅमला चिकटवून ठेवायला लागणारं बळ चौपट होतं, तिथे स्प्रिंगशिवाय इलाज नाही. हाताने मिनिटाला 60 फेऱ्या दिल्यास तर काही अडचण नाही.

आता काकांचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे. पॅकिंगच्या नव्या यंत्रांत बऱ्याच ठिकाणी धातूच्या कॅमची जागा सर्वोने, म्हणजे सांगितलेल्या कोनावर नेमकी थांबणाऱ्या मोटरने, घेतली आहे. पण सर्वोला कुठल्या कोनावर किती सरकायचं हे कोणीतरी सांगावं लागतं, आणि ते सांगतात अशाच तक्त्याने. त्याला इलेक्ट्रॉनिक कॅमच म्हणतात. चढाला किती अंश द्यायचे, थांबा कुठे, वेग कसा वाढवायचा, हे ठरवणारा माणूस तोच तक्ता मांडत असतो. तो चुकला तर सर्वोवरचं यंत्रही हादरतं. शिवाय चार स्ट्रोकच्या इंजिनात अजून कॅमशाफ्टच व्हॉल्व्ह उघडतो.

आणि तुझ्या घरच्यांच्या रोजच्या कामात कॅम आहेच. साध्या विणीच्या मागावर बाबा ज्याला टॅपेट म्हणतात तो कॅमच. तो खालच्या शाफ्टवर असतो आणि खालचा शाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. ताण्याचे धागे उचलून धरणाऱ्या टॅपेटला थांबा असतो, कारण तेवढ्या वेळात धोटा पलीकडे जायचा असतो. धोट्याला फटका देणारा टॅपेट मात्र मुद्दाम धक्का द्यायलाच बनवलेला असतो. माग बंद असताना बाबांना सांगून हे दोन्ही टॅपेट हाताने फिरवून बघ. थांबा कमी पडला तर धोट्याचं काय होतं, ते बाबा तुला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

माझा सल्ला: डिप्लोमा कर. दहावीच्या गुणांवर प्रवेश, तीन वर्षं, ड्रॉइंग आणि वर्कशॉप पहिल्याच वर्षापासून. कॅमचा आकार काढणं दुसऱ्या वर्षी थिअरी ऑफ मशीन्समध्ये येतं, तेव्हा तुझ्या हाताखालून एक कॅम आधीच गेलेला असेल. नंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, त्यामुळे पदवीचं दार बंद होत नाही. फक्त त्या वेळी गणित जड जातं, म्हणून डिप्लोमाची तिन्ही वर्षं गणित सोडू नकोस.

एका गोष्टीवर मात्र मी मत बदलेन. वर सांगितलेला नवा कॅम तू परीक्षेनंतरच्या सुट्टीत करशीलच. त्यात अर्धवर्तुळ आणि कोन मांडण्यात तुझे तास कसे गेले कळलं नाही, आणि कानस हातात घेतल्यावर कंटाळा आला, तर काकांचं अकरावी सायन्स तुला जास्त मानवेल. उलट कड घासून, मोजून, पुन्हा घासून सुई स्थिर करण्यातच तुझं मन रमलं, तर आयटीआयचा टूल अँड डाय मेकर आणि छत्रपती संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूमचे अभ्यासक्रमही बघ. प्रवेशाचे अर्ज निकालाच्या सुमारास सुरू होतात. त्याआधी मोजमापांचा तक्ता मला पाठव, नुसता मॉडेलचा फोटो नको.