क्राउडफंडिंगचं लक्ष्य 5 लाख ठेवू की कमी?

«मी फोंड्याला राहते, घरी मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेते. देवळांच्या भिंतींवरच्या लाल-पांढऱ्या कावी चित्रांवरून मी मुलांसाठी जोड्या लावण्याचा पत्त्यांचा खेळ केला आहे. 500 संच छापायचे आहेत. क्राउडफंडिंगवर 5 लाखांचं लक्ष्य ठेवावं असं वाटतं. 199 ला पोस्टकार्ड, 699 ला संच, 4,999 ला हाताने केलेली कावी फरशी, असे टप्पे लिहिलेत. मोहिमेच्या पानाची सुरुवात «गोव्याचा समृद्ध वारसा जपण्यासाठी» अशी केली आहे. छापखान्याचा दर 300 संचांना प्रत्येकी 310 रुपये आणि 500 ला 240. कमी पडले तर 2 लाखांची एफडी मोडायची तयारी आहे. हे बरोबर आहे का?»

ताई, एफडी मोडू नका आणि 5 लाखांचा आकडाही सोडा. पाचशेच्या पाचशे संच 699 ला गेले तरी साडेतीन लाखच होतात. उरलेले दीड लाख तुम्ही फरश्यांवर टाकले आहेत. म्हणजे तीस फरश्या, आणि त्या करणार तुम्ही एकटीच.

लक्ष्य म्हणजे ज्या रकमेत छापखान्याची सगळ्यात लहान खेप निघेल आणि प्रत्येक संच घरपोच जाईल, ती रक्कम. 500 चा दर स्वस्त दिसतो, पण न विकलेले संच कपाटात राहिले की स्वस्ताई तिथेच संपते. त्यामुळे 300 धरू. छपाई 93,000, आधीचा नमुना संच 4,000 आणि फोटो-व्हिडिओ 8,000. एकूण 1,05,000. दहा संच विकले गेले काय किंवा तीनशे, हा खर्च आहेच.

आता एका संचाचे 699 रुपये आले की त्यातले तुमच्या हाती किती राहतात ते पाहू. कराचा दर सल्लागाराकडून नक्की होईपर्यंत 18 टक्के धरून चला, म्हणजे 107 रुपये. प्लॅटफॉर्म आणि पेमेंट मिळून 8 टक्के धरले तर 56. तुमच्या प्लॅटफॉर्मचा खरा दर त्यांच्या अटींत पाहून इथे घाला. खोका आणि टपाल 100. हरवलेले, ओले झालेले, पत्ता चुकून परत आलेले यांसाठी 36. राहिले 400. आता 1,05,000 ला 400 ने भागा: 263 संच. 263 गुणिले 699 म्हणजे साधारण 1,84,000. तुमचं लक्ष्य 1,85,000. खेपेतले उरलेले 37 संच बदली द्यायला आणि नंतर विकायला.

कराचा भाग बहुतेक जण विसरतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. गोव्यातल्या गोव्यात माल विकणाऱ्याला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, हे तुम्ही ऐकलं असेल. पण पुण्याला किंवा बेळगावला एक जरी संच विकून पाठवला तरी ती राज्याबाहेरची विक्री होते आणि तिथे ही मर्यादा चालत नाही. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना सवलत आहे, पण छापील पत्ते त्यात बसतील असं गृहीत धरू नका. नोंदणी मोहीम सुरू होण्याआधी करा. आणि पानावर «देणगी» हा शब्द कुठेही नको. लोक पैसे देऊन वस्तू मागवणार आहेत, तेव्हा ही आगाऊ विक्री आहे आणि आयकरात तो तुमचा व्यवसायच धरला जाईल. नफ्यात वाटा किंवा व्याज देण्याची तर भाषाच नको, मग ते वेगळ्याच कायद्याच्या कक्षेत जातं.

टप्प्यांकडे येऊ. पोस्टकार्ड काढून टाका. 199 मधून कर, फी, छपाई आणि टपाल गेल्यावर शंभराच्या आसपास उरतात आणि प्रत्येक पत्ता हाताने लिहायचा तो वेगळाच. त्याऐवजी पाच संचांचा एक टप्पा ठेवा, 2,999 ला, एकाच पत्त्यावर. शाळा, बालवाडी, वाचनालय, सोसायटीतली मंडळी यांच्यासाठी. कर 457, फी 240, एकत्र पार्सल 200 आणि नुकसानीचे शंभर धरले तर 2,000 उरतात, म्हणजे संचामागे तेच 400. सवलत तुम्ही खिशातून देत नाही, ती टपालाच्या बचतीतून निघते. असे 20 गठ्ठे गेले की खर्च भागवायला 263 ऐवजी 163 सुटे संच पुरतात, पण 1,85,000 चं लक्ष्य गाठायला 179 लागतात.

फरशीबद्दल मला खरी काळजी वाटते. कावी म्हणजे ओल्या चुन्यावर लाल मातीचा थर देऊन तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. हे काम घाईत होत नाही, आणि चुन्याचा गिलावा टपालात टिकेल का ते आधी स्वतःलाच एक पार्सल पाठवून पाहा. एका फरशीला तीन दिवस धरले तर तीस फरश्या म्हणजे नव्वद दिवस, वर्ग सांभाळून. सहाच ठेवा, पणजी-मडगाव परिसरात स्वतः नेऊन देण्याच्या बोलीवर. लक्ष्याच्या हिशेबात त्या धरू नका.

पानाची सुरुवात तुम्ही «गोव्याचा समृद्ध वारसा जपण्यासाठी» अशी केली आहे. त्यावरून तुमचा खेळ डोळ्यांसमोर येत नाही. त्याऐवजी असं काही लिहा: «मोरजीच्या मोरजाई देवळाच्या भिंतीवर मी ही लाल-पांढरी चित्रं पाहिली आणि वहीत उतरवली. हा त्या वहीतून झालेला खेळ आहे.» तुम्ही ज्या देवळात खरोखर बसून काढलं त्याचंच नाव द्या, आणि देवस्थान समितीची लेखी परवानगी आधी घ्या. लगेच खाली नमुना संच मुलांच्या हातात असलेला फोटो. पत्ते छापील आहेत, कावी पद्धतीने केलेले नाहीत, हे स्पष्ट लिहा. मग पैसे कशाला लागतात ते: छपाई 93,000, नमुना आणि फोटो 12,000, उरलेलं टपाल, कर आणि फी. आकडे उघडे दिसले की 1,85,000 कुठून आले हा प्रश्न कोणी विचारत नाही.

पोचवण्याची तारीख पावसाळ्यात नको, पुठ्ठा ओल धरतो आणि पत्ते वाकतात. चवथीनंतर 30 दिवसांची मोहीम चालवा आणि जानेवारीअखेरचं आश्वासन द्या. छपाई महिन्याभरात झाली तरी दुरुस्ती आणि पॅकिंगला तेवढा वेळ लागतो. परदेशातल्या नातेवाइकांना भारतातला पत्ता द्यायला सांगा.

लक्ष्य गाठलं नाही तर सगळे पैसे परत जातील, असाच पर्याय निवडा. जमतील तेवढे ठेवण्याच्या पर्यायात 70,000 जमले तरी 93,000 ची खेप छापावीच लागते आणि मग एफडी जाते. तुमची जोखीम आधीच्या 12,000 पुरतीच राहू द्या, ते बचत खात्यातून. मोहीम यशस्वी झाली आणि प्लॅटफॉर्मचे पैसे येण्याआधी छापखान्याने आगाऊ मागितले, तर एफडी न मोडता तिच्या तारणावर ओव्हरड्राफ्ट घ्या. मुदतीआधी मोडल्यास बँक व्याज कापते. ओव्हरड्राफ्टवर वापरलेल्या दिवसांपुरतंच व्याज पडतं.

सुरू करण्याआधी एक वही घ्या आणि पहिल्या आठवड्यात पैसे भरतील अशा माणसांची नावं लिहा, प्रत्येकाला फोन करून. 20 गठ्ठे धरले तर तुम्हाला 199 ग्राहक लागतात. त्यातले 60 नावानिशी हवेत. चाळिशीच्या खाली अडकलात, तर मोहीम पुढे ढकला आणि आधी नमुना संच घेऊन पाच-सहा शाळांत जाऊन या.