डीएमएलटी की बीपीएमटी: प्रमाणपत्रावर कोणाचा शिक्का आहे ते आधी पाहा

पालकांचे पत्र: "मुलगी बारावी सायन्स, पीसीबी घेऊन पास झाली. नीटमध्ये जमलं नाही. गावाजवळच्या एका खासगी संस्थेत डीएमएलटी हा लॅब तंत्रज्ञाचा दीड वर्षाचा डिप्लोमा आहे, रोज तीन तासांचं कॉलेज. 'केंद्र सरकारमान्य, लगेच नोकरी' असं ते सांगतात. दुसरीकडे मेडिकल कॉलेजची बीपीएमटी ही पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी आहे, पण त्यात जास्त वर्षं जातील. हॉस्पिटलवाले नेमकं कोणतं रजिस्ट्रेशन मागतात? आणि पुढे तिला स्वतःची लॅब टाकता येईल का?"

नमस्कार.

या दीड वर्षाच्या कोर्सला प्रवेश घेऊ नका. डिप्लोमा पदवीपेक्षा हलका म्हणून हे सांगत नाही. संस्थेने तुम्हाला दिलेली माहितीच कायद्यात बसत नाही.

'नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स' हा केंद्राचा कायदा २०२१ साली झाला. त्याच्या व्याख्येनुसार अलाइड हेल्थ प्रोफेशनलची, म्हणजे लॅब तंत्रज्ञासारख्या व्यावसायिकाची, पदविका किंवा पदवी किमान २००० तासांची असावी लागते आणि ते तास दोन ते चार वर्षांत, सत्रांमध्ये विभागलेले असावे लागतात. आता तुमच्या संस्थेचे तास मोजू. दीड वर्ष म्हणजे साधारण ७८ आठवडे. सुट्ट्या आणि परीक्षा वगळल्या की हाती ६८ उरतात. आठवड्याचे सहा दिवस, रोज तीन तास धरले तरी बेरीज १२२४ तासांवर थांबते. म्हणजे कोर्स मुदतीतही कमी पडतो आणि तासांतही.

'केंद्र सरकारमान्य' या शब्दांचीही नीट चौकशी करा. ट्रस्ट किंवा सोसायटी म्हणून नोंदणी झालेल्या काही संस्था नावात 'कौन्सिल' किंवा 'बोर्ड' लावतात आणि स्वतःच डिप्लोमा छापून देतात. ट्रस्टच्या नोंदणीने संस्था चालवता येते, पण तिच्या डिप्लोम्याला मान्यता मिळत नाही. संस्थेकडे तीन कागद मागा: विद्यापीठाचं किंवा सरकारी मंडळाचं चालू शैक्षणिक वर्षाचं संलग्नता पत्र (त्यात कोर्सचं नाव आणि प्रवेशक्षमता हवी), प्रात्यक्षिकांसाठी हॉस्पिटलशी झालेला लेखी करार, आणि मागच्या बॅचच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या कौन्सिल नोंदणीची प्रत. पहिल्या पत्रावरचं संस्थेचं नाव त्या मंडळाच्या किंवा विद्यापीठाच्या वेबसाइटवरच्या यादीत स्वतः शोधा. तिसरा कागद द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

हॉस्पिटल मागतं ती नोंदणी महाराष्ट्र परावैद्यक परिषदेची, बोलीत 'पॅरामेडिकल कौन्सिल'ची. ही परिषद राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली आहे, आणि मान्य अर्हता असेल तरच ती नोंदणी देते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ किंवा राज्याचं कौशल्य व व्यवसाय शिक्षण मंडळ अशा ठिकाणचा कोर्स असला, तरी प्रवेशाआधी परिषदेकडे कोर्सचं पूर्ण नाव देऊन लेखी विचारणा करा. संस्थेच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका. २०२१ च्या कायद्यात राज्यांच्या नोंदवह्या आणि एक केंद्रीय नोंदवही अशी रचना आहे. त्यामुळे आजचा कोर्स या तासांच्या आणि वर्षांच्या अटीत बसणं मुलीच्या पुढच्या नोंदणीसाठीही महत्त्वाचं आहे.

गल्लीतली छोटी लॅब कदाचित नोंदणी क्रमांक विचारणारही नाही. पण त्याच लॅबने पुढे प्रयोगशाळांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएल या राष्ट्रीय संस्थेच्या मान्यतेसाठी अर्ज केला की चित्र बदलतं. ही मान्यता आयएसओ १५१८९ या मानकावर मिळते, आणि त्यात प्रत्येक तंत्रज्ञाची फाइल ठेवावी लागते: शिक्षण, प्रशिक्षण, क्षमता चाचणी आणि कोणतं यंत्र चालवण्याची परवानगी दिली आहे त्याची नोंद. फाइलमधलं प्रमाणपत्र कच्चं निघालं तर लॅब त्या व्यक्तीला चाचण्यांवरून काढून कलेक्शनला किंवा काउंटरला बसवते. चार वर्षांचा अनुभव असूनही मग पगार तिथेच अडतो.

आता पदवी आणि डिप्लोमा यांतला फरक. बीपीएमटी तीन वर्षांची, वर एक वर्षाची इंटर्नशिप. हा फरक सरकारी जाहिरातीत सगळ्यात स्पष्ट दिसतो. रेल्वेच्या २०२४ च्या पॅरामेडिकल भरतीत लॅब असिस्टंट ग्रेड २ साठी बारावी सायन्स आणि डीएमएलटी पुरत होतं. मूळ वेतन २१,७०० रुपये. लॅबोरेटरी सुपरिंटेंडंट ग्रेड ३ साठी ठरावीक विषयांची बीएस्सी आणि सोबत डीएमएलटी, किंवा मेडिकल टेक्नॉलॉजीची लॅबोरेटरी शाखेतली बीएस्सी लागत होती. मूळ वेतन ३५,४०० रुपये. जिल्हा परिषदांच्या २०२३ च्या भरतीत तर प्रयोगशाळा तंत्रज्ञासाठी विज्ञानाची पदवीच मागितली होती. बारावीनंतर नुसता डीएमएलटी केलेल्या मुलांना ते दार बंद होतं. खासगी हॉस्पिटलात सुरुवातीला दोघांना जवळपास सारखंच काम मिळतं. फरक पुढे सेक्शन इन्चार्ज किंवा क्वालिटी मॅनेजर नेमायची वेळ येते तेव्हा पडतो.

म्हणून माझा सल्ला असा: बीपीएमटीची जागा मिळत असेल, विशेषतः सरकारी मेडिकल कॉलेजात, तर चार वर्षं द्या. प्रत्येक जाहिरातीतली अर्हता मात्र अर्ज करताना शब्दशः वाचा, कारण 'बीएस्सी' आणि 'बीपीएमटी' यांना सगळ्या जाहिरातींत एकच धरलेलं नसतं. जागा मिळालीच नाही आणि लवकर कमावणं गरजेचं असेल, तर सरकारी मंडळाचा किंवा विद्यापीठाचा दोन वर्षांचा डीएमएलटी घ्या. नंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो असं सांगितलं गेलं तर विद्यापीठाचा नियम कागदावर मागा. नोकरी करत दूरस्थ पद्धतीने ही पदवी पुरी करायचा विचार नको. २०२१ च्या कायद्याखालचे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन चालवायला यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मनाई केली आहे.

कोर्स निवडताना संस्थेच्या इमारतीपेक्षा तिच्याशी जोडलेली हॉस्पिटलची लॅब पाहा. तिथे विद्यार्थी रोज सकाळी यंत्राची अचूकता तपासणारं कंट्रोल सॅम्पल लावतात का, त्याच्या रोजच्या निकालांचा लेव्ही-जेनिंग्ज आलेख स्वतः काढतात का, हे विचारा. नमुना घेताना ट्यूबचा क्रम का पाळायचा, हेही दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला विचारून पाहा. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं, रक्त गोठू न देणारं ईडीटीए सीरमच्या नमुन्यात गेलं तर पोटॅशियम खोटं वाढलेलं आणि कॅल्शियम खोटं कमी दिसतं. हे त्याला सांगता आलं तर तिथे खरंच शिकवतात असं समजायला हरकत नाही.

स्वतःच्या लॅबबद्दल: १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की लॅबच्या अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर पदवी किंवा पदविका असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही चालते. पदवीधर तंत्रज्ञालाही अंतिम अहवालावर स्वतःच्या जबाबदारीने सही करता येत नाही. लॅब टाकायचीच असेल तर सही करणारे पॅथॉलॉजिस्ट आधी ठरवावे लागतील, आणि त्यांचं मानधन खर्चात धरूनच गणित मांडावं लागेल. फक्त नावाची सही विकत देणारे डॉक्टर गाठून हे काम होतं असं कोणी सांगितलं तर त्यात पडू नका. चुकीच्या अहवालाने रुग्णाचं नुकसान होतं, आणि जबाबदारी तुमच्या मुलीवरही येते.

एक काम आत्ताच करा. दहावी, बारावी, आधार आणि कॉलेजचा प्रवेश अर्ज यांत मुलीचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव एकाच क्रमाने, एकाच स्पेलिंगने आहे का ते तपासा. परिषदेकडे अर्ज करताना गुणपत्रिका आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही की प्रकरण अडकतं. लग्नानंतर नाव बदललं तर राजपत्राची प्रत किंवा विवाह प्रमाणपत्र जोडून नोंदवहीतलं नावही बदलून घ्यावं लागेल.