डेडलिफ्टच्या आधी काठी

प्रश्न: तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना डेडलिफ्ट शिकवायचंय. आधी काठी घेऊन हिप हिंज करून घेतो, पण अर्ध्यातच पाठ गोल होते. वजन कधी द्यावं?

पाठ नेमकी कुठे गोल होते, हे काठीच सांगते. काठी पाठीवर उभी धरायची, एक हात मानेमागे, दुसरा कमरेच्या खळगीत. ती तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याच्या मागे, खांद्यांच्या पात्यांमध्ये आणि माकडहाडाच्या जरा वर. गुडघे सुरुवातीला थोडे सैल सोडायचे आणि मग फक्त ढुंगण मागे न्यायचं. नडगी जवळपास उभीच राहते. "पुढे वाक" असं मी कधीच म्हणत नाही, मुलं लगेच नमस्काराला वाकल्यासारखी वाकतात. "दोन्ही हातांत सामान आहे, मागचं दार ढुंगणाने लोट" म्हटलं की बहुतेकांना कळतं.

माझ्याकडे एक चौदा वर्षांचा मुलगा होता, वर्षभरात ताडमाड वाढलेला. बाजूने बघितलं तर अर्धं वाकल्यावर खालचा टेका सुटायचा. मी आपला "पाठ ताठ" म्हणून ओरडत होतो, तो बिचारा मान वर करायचा आणि मग डोक्याचाही टेका जायचा. शेवटी म्हटलं, गुडघे अजून थोडे वाकव. काठी चिकटून राहिली आणि तो आणखी खाली गेला. म्हणजे खोट मांडीच्या मागच्या आखडलेल्या स्नायूंत होती. त्याला सांगितलं, काठी सुटायच्या बोटभर आधी थांबायचं, आजची खोली तेवढीच.

गुडघे वाकवूनही काठी सुटत असेल तर हालचालच समजलेली नाही. मग भिंतीकडे पाठ, टाचा वीतभर पुढे, ढुंगण भिंतीला टेकवून परत उभं राहायचं. जमलं की दोन बोटं पुढे सरकायचं.

एक चूक मात्र फसवते. तिन्ही टेके शाबूत असतात, पण कंबर आत गेलेली असते. म्हणून खळगीतला हात सैल पडला का, हे विचारत राहा. कमरेची कमान केल्यावर दुखतं असं कुणी वारंवार म्हणत असेल तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा. वाढत्या वयात ते अंगावर काढू नये.

वजनाबद्दल माझा स्वतःचा नियम असा: तीन वेगवेगळ्या दिवशी, मी तोंड न उघडता, टेका न सुटता सलग 8 वेळा. त्यानंतर 4 ते 6 किलोची केटलबेल, तीही जमिनीवरून नाही. काठी सुटायच्या जरा आधी मुलाला थांबवा, हात खाली सोडायला सांगा आणि केटलबेलची मूठ तिथे येईल एवढा ठोकळा खाली ठेवा. त्या मुलाच्या बाबतीत मूठ गुडघ्याच्या जरा खाली आली. जमिनीपर्यंत पोचायला त्याला आणखी काही महिने लागले.