‘वांग गेले’ असा रिव्ह्यू आला, आता काय करायचे?

मी घरीच द्राक्षबियांच्या तेलाची क्रीम बनवते. गंगापूर रोडच्या प्रदर्शनात स्टॉल लावायला परवाना लागतो का?

लागतो. सौंदर्यप्रसाधन विकण्यासाठी बनवायचे तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना हवा. स्वतःची जागा नियमांत बसत नसेल तर परवानाधारक उत्पादकाकडे लोन लायसन्सवर माल बनवून घेता येतो. प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात विचारा आणि मगच स्टॉलचे पैसे भरा.

लेबलवर ‘केमिकल फ्री’ लिहिले तर चालेल ना? सगळेच लिहितात.

लिहू नका, ते खोटे आहे. तुमच्या क्रीममध्ये पाणी आहे, पाणी आणि तेल एकत्र धरणारे इमल्सिफायर आहे आणि प्रिझर्व्हेटिव्हही असायलाच हवे. ते वगळलेल्या डबीत रोज बोट गेले की जंतू वाढतात, आणि वास बदलेपर्यंत ते वाढलेलेच असतात.

एका ग्राहक ताईंनी व्हॉट्सॲपवर लिहिले, ‘तुमच्या क्रीमने माझे वांग गेले. लावल्यावर चेहरा मऊ वाटतो.’ मी तर असा दावा केलेला नाही. त्यांचे शब्द जसेच्या तसे इन्स्टाग्रामवर टाकले तर हरकत काय?

हरकत मोठी आहे. हाच प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत सतत येतो, म्हणून सविस्तर सांगते. शब्द ग्राहकाचे असले तरी तुमच्या ब्रँडच्या पानावर आले की ती तुमची जाहिरात होते. रोग बरा करण्यासाठी, कमी करण्यासाठी किंवा टाळण्यासाठी म्हणून जी वस्तू द्यायची, ती कायद्याने औषध ठरते. तुम्ही घ्याल तो परवाना मात्र सौंदर्यप्रसाधनाचा असेल. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उद्या कोणी ‘कोडाचे डाग गेले’ असे लिहिले तर तेही टाकू नका. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ च्या यादीत कोड आहे आणि त्यावरच्या उपचाराची जाहिरात करायलाच मनाई आहे.

पण मला दंडापेक्षा त्या ताईंची काळजी जास्त वाटते. वांग उन्हाने गडद होते. त्यांनी एप्रिल-मेच्या उन्हात क्रीम सुरू केली असेल आणि श्रावणातल्या ढगाळ दिवसांत आरसा पाहिला असेल, तर डाग फिका दिसण्याचे श्रेय पावसाळ्यालाही जाते. सोबत सनस्क्रीन किंवा डॉक्टरांचे मलम चालू होते का, हे तुम्ही विचारले का? आणि ते वांगच होते हे कोणी तपासले? तुमची पोस्ट वाचून दुसरी बाई गालावरचा वाढता डाग क्रीम लावत महिनोन्‌महिने अंगावर काढेल. वेळ जातो तो तिचा. डाग वाढत असेल, रंग बदलत असेल, खाजत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडेच जायला हवे.

तुम्ही तपासायला पाठवलेला लेबलचा कच्चा मजकूर असा आहे: ‘नाशिकच्या द्राक्षांची जादू. वांग, मुरुमे, इसब यांवर रामबाण.’ क्रीममध्ये द्राक्षबी तेल दोन टक्के, म्हणजे ५० ग्रॅमच्या डबीत एक ग्रॅम. एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक लेबलवर प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. त्यामुळे पुढे द्राक्षांचा घड छापला तरी मागच्या यादीत हे तेल पाणी आणि खोबरेल तेलाच्या मागेच दिसणार. मी असे लिहीन: ‘दिंडोरी परिसरातल्या वायनरीत द्राक्षांचा रस काढल्यावर उरलेल्या बिया आम्ही घेतो आणि त्यांचे तेल काढतो. या क्रीममध्ये ते दोन टक्के आहे. कोरडी त्वचा मऊ राहायला क्रीम मदत करते. त्वचेचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.’ बिया खरोखर तिथून येत असतील तरच हे लिहा आणि खरेदीची बिले जपा. ताईंच्या मेसेजमधले ‘लावल्यावर चेहरा मऊ वाटतो’ एवढेच वाक्य त्यांना विचारून वापरता येईल.

‘आजीची शंभर वर्षांपूर्वीची कृती’ असे म्हणू का? आजी तिळाच्या तेलात हळद उकळायची.

आजीचे ते तेल होते, तुमची ही क्रीम आहे. ‘आजीच्या हळदीच्या तेलावरून सुचले’ म्हणा. शंभर हा आकडा सिद्ध होत नसेल तर काढा.

एक एजंट ‘डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड’ हे प्रमाणपत्र काही हजारांत देतो म्हणतो. घेऊ का?

चाचणी अहवालाशिवाय अजिबात नको. किती जणांवर, कोणत्या बॅचची, किती दिवस आणि कोणत्या त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली चाचणी झाली, ते लेखी मागा. चाचणी खरी असली तरी बहुधा ती त्वचेला जळजळ होते का एवढेच पाहते, डाग जातात हे त्यातून सिद्ध होत नाही. लेबल छापायला देण्याआधी ते अहवालासकट नियमांच्या जाणकार सल्लागाराला दाखवा.