अक्षता पडल्यानंतरचा तास

“ऑफिसातल्या मित्राच्या लग्नाची पत्रिका आली आहे. मी ख्रिस्ती आहे, हिंदू लग्न आतापर्यंत फक्त सिनेमात पाहिलं. पत्रिकेवर मुहूर्त १२ वाजून १७ मिनिटे असा आहे. मी नक्की किती वाजता पोचू?”

साडेअकराला पोचा. १२:१७ ही लग्न सुरू होण्याची वेळ नव्हे, वधूवरांमधला पडदा दूर होण्याची वेळ आहे. पंचांगावरून ती मिनिटापर्यंत काढलेली असते आणि आम्ही पुरोहित तिथून उलटं मोजत येतो.

तुम्ही पोचाल तेव्हा निम्मं लग्न होऊन गेलेलं असेल, म्हणून काही चुकलं असं वाटून घेऊ नका. सकाळी पुण्याहवाचन आणि देवकस्थापना घरच्यांच्या उपस्थितीत होते. काही घरांत आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन असतं, त्यात वधूपक्ष नवरदेवाचं स्वागत करतो. साडेअकराला एखाद्या खोलीत डोकावलात, तर नवरी पिवळी साडी नेसून गौरीहरापुढे बसलेली दिसेल. समोर अन्नपूर्णेची छोटी मूर्ती असते आणि ती तिच्यावर थोडे थोडे तांदूळ वाहत असते. ही पूजा तिची एकटीची. त्या वेळी तिला गप्पांत ओढू नका, फोटो लांबून काढा.

बारा-पाचच्या सुमारास नवरदेव बोहल्यावर उभा राहतो, मग नवरीला तिचा मामा घेऊन येतो. तोवर खुर्ची धरा. मधल्या रस्त्याच्या कडेची मिळाली तर उत्तम.

“दोघांच्या मध्ये कापड धरतात आणि लोक एकदम तांदूळ टाकतात. कधी टाकायचे ते मला कळलंच नाही, मी शेवटपर्यंत मूठ धरून बसले.”

त्या कापडाला अंतरपाट म्हणतात. त्यावर कुंकवाचं स्वस्तिक असतं आणि दोन्ही टोकं दोघांनी धरलेली असतात. वधूवर आमनेसामने असूनही एकमेकांना दिसत नाहीत. नवरीच्या मागे तिचा मामा, नवरदेवाच्या मागे त्याचा मामा आणि जवळच दिवा घेतलेली करवली उभी असते.

मग मंगलाष्टकं सुरू होतात. एकेक कडवं चार ओळींचं असतं आणि शेवटी ‘कुर्यात् सदा मंगलम्’ येतं. त्याला जोडूनच गुरुजी ‘शुभमंगल सावधान’ म्हणतात. हा शब्द कानावर पडला की अक्षता टाकायच्या. तेवढं एक ध्यानात ठेवलं की पुरे. अक्षता म्हणजे कुंकू लावलेले अखंड तांदूळ. मूठ एकदम रिकामी करू नका, आठ-दहा वेळा पुरवायच्या आहेत. मागच्या रांगेतून नेम धरून फेकू नका, त्या पुढच्यांच्या मानेत जातात. जागेवरूनच हात किंचित उंचावून सोडल्या तरी चालतं. हल्ली काही घरी तांदळाऐवजी फुलांच्या पाकळ्या देतात, त्यांचंही असंच.

‘अष्टक’ म्हणजे आठ कडवी, पण प्रत्यक्षात आत्या, मावशी, काका सगळे स्वतः रचलेली कडवी घेऊन येतात. एका लग्नात अशी तेरा कडवी माझ्या हातात आली. सातवं चालू होतं आणि घड्याळात मुहूर्ताला एकच मिनिट उरलं होतं. उरलेले कागद मी खिशात घातले आणि ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ सुरू केलं. हे शेवटचं कडवं. ते ऐकू आलं की पडदा आता सरकणार असं समजा आणि हातात उरलेल्या अक्षता त्याच क्षणासाठी ठेवा. आठव्या कडव्याच्या काकू नंतर जेवताना माझ्याशी बोलल्या नाहीत.

अंतरपाट बाजूला ओढतात, वाजंत्री जोरात सुरू होतात, वधूवर एकमेकांना हार घालतात, टाळ्या पडतात. सिनेमातलं लग्न बहुधा इथेच संपतं.

“हार घातल्यावर अर्धा हॉल जेवायला गेला. मीही गेलो. परत आलो तर नवरानवरी अजून होमासमोर बसलेले! लग्न झालं होतं की नव्हतं?”

तुम्ही ताटावर बसलात तेव्हा झालेलं नव्हतं. लग्नाचा गाभा हार घातल्यानंतरच्या तासाभरात असतो आणि नेमका तेव्हाच हॉल रिकामा होतो. याचा दोष पाहुण्यांचा नाही. पंगत कधी बसवायची ते यजमान ठरवतात आणि कार्यालय दुपारी रिकामं करून द्यायचं असतं.

पडदा १२:१७ ला सरकला असं धरून पुढचं सांगतो. हा ऋग्वेदी घरांतला साधारण क्रम आहे, इतर घरांत दोन-तीन गोष्टी पुढेमागे होतात.

साडेबाराच्या आसपास कन्यादान. नवरीचे आईवडील आणि नवरदेव समोरासमोर बसतात, आई पाण्याची धार धरते आणि ते पाणी हातांवरून खालच्या ताम्हनात पडतं. इथे एक संवाद आहे, तो ऐकण्यासारखा असतो. ‘धर्मे च अर्थे च कामे च नातिचरितव्या त्वयेयम्’, म्हणजे धर्म, अर्थ आणि काम यांत तू हिला डावलून वागायचं नाहीस. नवरदेव म्हणतो, ‘नातिचरामि’, तसं वागणार नाही. हे तीनदा होतं. पुष्कळ नवरदेव पहिल्यांदा पुटपुटतात, तिसऱ्यांदा आवाज जरा बाहेर येतो. ‘दान’ हा शब्द नको म्हणून काही जोडपी हा विधी गाळतात किंवा हेच वचन दोघांकडून घेतात. मला त्यात वावगं वाटत नाही. वचन राहिलं म्हणजे झालं.

मग हातात कंकण बांधणं आणि मंगळसूत्र. एकच्या सुमारास होमाची तयारी होते. इथे थोडा धूर होतो, डोळे चुरचुरतात. अग्नीसमोर नवरदेव नवरीचा हात हातात घेतो, ते पाणिग्रहण. त्यानंतर लाजाहोम आणि सप्तपदी.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं ७ वं कलम म्हणतं की लग्न दोघांपैकी कोणाही एकाच्या रूढीप्रमाणे लावता येतं, आणि ज्या रूढीत सप्तपदी आहे तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण आणि बंधनकारक होतं. वरच्या हिशेबात तो क्षण दीडच्या पुढे येतो. केवळ नोंदणीचा दाखला काढून, विधी न करता, हिंदू विवाह होत नाही असं सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

सगळ्याच हिंदू लग्नांत सप्तपदी असते असंही नाही. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ पासून पुरोहिताशिवाय लग्नं लावली. तिथला क्रम वेगळा असतो आणि माझा हा हिशेब तिथे लागू होत नाही.

“होम चालू असताना नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळला आणि सगळे हसले. मी बावरले. भांडण होतं का?”

ती कानपिळी. ‘माझ्या बहिणीला नीट वागव’ असा दम द्यायचा आणि बदल्यात नवरदेवाकडून भेटवस्तू उकळायची. हा गमतीचा भाग आहे, मंत्राचा नाही. पण भाऊ तिथे कान पिळण्यापुरता आलेला नसतो, लाजाहोमात त्याचं काम आहे.

लाज म्हणजे साळीच्या लाह्या. नवरीची ओंजळ नवरदेवाच्या हातांवर असते. तिच्या ओंजळीत आधी तूप लावतात, मग भाऊ दोन मुठी लाह्या घालतो (काही गोत्रांत तीन) आणि वरून पुन्हा तूप. नवरी ती ओंजळ अग्नीत सोडते. मग दोघे अग्नीला प्रदक्षिणा घालतात आणि नवरी दगडावर पाय ठेवते. ‘या दगडासारखी स्थिर हो’ अशा अर्थाचा मंत्र तेव्हा म्हणतात. कार्यालयात या दगडाच्या जागी बहुतेक वेळा सहाण किंवा स्वयंपाकघरातला पाटा असतो. एवढं सगळं तीनदा होतं. चौथ्यांदा उरलेल्या लाह्या ती सुपाच्या कोपऱ्यातून अग्नीत टाकते, आणि तेव्हा मंत्र नसतो. गोंगाट चालू असेल तर ही चौथी वेळ कुणाच्या लक्षातही येत नाही.

सख्खा भाऊ नसला तर चुलत किंवा मामेभाऊ उभा राहतो. ऐन वेळी भाऊ पाहुण्यांना वाढायला गेलेला असतो, ही आमची नेहमीची अडचण. तुम्हाला पंगतीत कुठे दिसला तर बोहल्याकडे पिटाळा.

“मालिकांमध्ये सात फेरे असतात. मी पाहिलेल्या लग्नात मी तीनच मोजले. काही राहून गेलं का?”

राहिलं नाही. तुम्ही मोजलेल्या तीन प्रदक्षिणा लाजाहोमातल्या. सात आहेत ती पावलं, आणि ती अग्नीभोवती नसून सरळ रेषेत पडतात. उत्तर भारतात अनेक ठिकाणी अग्नीभोवती सात फेरे घेतात, मालिकांमधून तेच आपल्या डोळ्यांत बसलं आहे.

आमच्याकडे अग्नीजवळ पाटावर किंवा जमिनीवर तांदळाच्या सात छोट्या राशी मांडतात, बहुतेकदा वर एकेक सुपारी. नवरदेव नवरीचा हात धरतो आणि ती प्रत्येक राशीवर उजवं पाऊल ठेवत पुढे जाते. पहिलं पाऊल अन्नासाठी, दुसरं बळासाठी, तिसरं संपत्तीसाठी, चौथं सुखासाठी, पाचवं संततीसाठी, सहावं ऋतूंसाठी. सातव्याला मागणं नाही. ‘सखा सप्तपदी भव’, सात पावलं चाललीस, आता माझी सखी हो.

सगळं मिळून दोन-तीन मिनिटांचं काम. शालूच्या निऱ्या पायात येतात, सुपाऱ्या घरंगळतात, फोटोवाला मध्येच ‘थांबा, परत एकदा’ म्हणतो. मी परत करू देत नाही. फोटो हवा असेल तर नंतर पाऊल नुसतं ठेवून दाखवा म्हणतो.

सप्तपदी झाल्यावर दोघांची डोकी एकमेकांना टेकवून कलशातलं पाणी शिंपडतात. रात्री ध्रुवतारा दाखवायचा असतो. दुपारच्या लग्नात गुरुजी छताकडे बोट करतात आणि नवरदेव गंभीर चेहऱ्याने ‘दिसला’ म्हणतो.

“मला बोहल्याजवळ जाऊन पाहायला आवडेल, पण परक्या धर्माची मी. चालेल का?”

चालेल. चपला खाली काढा, होमाच्या आणि गुरुजींच्या मधून जाऊ नका, पूजेच्या मांडणीला हात लावू नका. पाहणाऱ्याचा धर्म कुणी विचारत नाही. उलट एकच्या सुमारास तिथे फार तर आठ-दहा माणसं उरलेली असतात, जवळ बसलात तर नवरीच्या आईला बरंच वाटेल.

पंगतीला बोलवायला कुणी आलं तर ‘सप्तपदी बघून येते’ म्हणून सांगा. शेवटच्या पंगतीला जेवण तेच असतं, फक्त जिलबी गार झालेली असते.