दहाने भागणं सोपं आहे, पण कशाला भागताय ते बघा

प्रश्न : आमच्या कंपनीची आर्थिक पत्रकं लाखांत आहेत. परदेशी गुंतवणूकदारासाठी ती मिलियनमध्ये करून द्यायची आहेत. सगळे आकडे दहाने भागले की झालं ना? बेरीज जुळली तर अजून काही तपासावं लागतं का?

बेरीज जुळली. हे दोन शब्द ऐकले की मला अजून ती गणपतीची चवथ आठवते.

मी फोंड्याची. इंग्रजीतून पोर्तुगीजमध्ये भाषांतरं करते, त्यातली बरीचशी व्यापारी कागदपत्रांची. काही वर्षांपूर्वी पणजीच्या एका सीए ऑफिसकडून काम आलं. हॉटेलधंद्यातली एक खाजगी कंपनी, लिस्बनचा गुंतवणूकदार. लाखांचं मिलियन ऑफिसातच होणार, मी फक्त भाषांतर करायचं. तिथले सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, आकड्यांना तुम्ही हात लावायचा नाही." बरं, नाही लावत.

चवथीला आठ दिवस असताना फाइल आली. उघडून पाहते तर नफा-तोटा पत्रकात टीप क्रमांक १४ च्या जागी १.४ लिहिलेलं. आर्टिकलशिपच्या पोराने एका कोपऱ्यात १० टाइप करून, कॉपी करून, अख्खी शीट निवडून पेस्ट स्पेशलने भागून टाकली होती. प्रतिशेअर मिळकत २०.६३ रुपये होती, ती २.०६ झाली होती. मी फोन केला. सरांनी या दोन गोष्टी दुरुस्त करून घेतल्या आणि वर म्हणाले, "बाकी सगळं बरोबर आहे. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळतात, टिपा मुख्य पत्रकाशी जुळतात."

जुळणारच हो! एका रकान्यातल्या प्रत्येक आकड्याला एकाच संख्येने भागलं तर बेरीजही त्याच संख्येने भागली जाते. मुळात कुठलं एकक होतं हे बेरीज सांगत नाही. शिवाय बेरीज राखण करते ती फक्त ताळेबंदात जाणाऱ्या आकड्यांची. जे आकडे ताळेबंदात जातच नाहीत त्यांना राखणदार कोण? आकस्मिक देणी, भांडवली खर्चाचे केलेले करार, शेअर्सची संख्या, प्रतिशेअर मिळकत, संचालकांच्या अहवालात वाक्यात पेरलेल्या रकमा. यातला एकही आकडा चुकला तरी बेरीज हूं की चूं करत नाही.

आमचा घात आकस्मिक देण्यांच्या टिपेत झाला. आकडे मी थोडे बदललेत, प्रमाण तेच ठेवलंय. मूळ पत्रकाच्या डोक्यावर 'रक्कम लाख रुपयांत' असं होतं. पण सेवाकराच्या जुन्या मागणीची ओळ वकिलाच्या पत्रातून जशीच्या तशी उचललेली होती : ३.२० कोटी. पोराने 'कोटी' हा शब्द काढला, ३.२० ला दहाने भागलं आणि रकान्यात ०.३२ मिलियन लिहिलं. खरं तर ३.२० कोटी म्हणजे ३२० लाख, म्हणजे ३२ मिलियन. लाखाला दहाने भागायचं आणि कोटीला दहाने गुणायचं असतं. दिशा उलटली की चूक दहापट राहत नाही, शंभरपट होते.

त्या वर्षी कंपनीचा निव्वळ नफा ४१२.६० लाख, म्हणजे ४१.२६ मिलियन. त्याच्या शेजारी ०.३२ ही चहापाण्याची रक्कम वाटते. ३२ मात्र नफ्याच्या तीन चतुर्थांशाहून जास्त. खटला हरला तर वर्षाच्या कमाईचा मोठा घास गेला.

चवथीच्या आदल्या दिवशी गाडीत गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान भरलेलं, मी गावाकडे निघालेले, आणि फोन वाजला. लिस्बनच्या माणसाने विचारलं होतं, "तीन लाख वीस हजार रुपयांसाठी तुम्ही हायकोर्टात गेलात आणि वकिलाला १.१४ मिलियन दिलेत?" वकिलाची फी नफा-तोट्यात होती, म्हणून ११.४० लाखांचं बरोबर रूपांतर झालं होतं. त्याने फक्त दोन टिपा शेजारी ठेवून वाचल्या. आमच्यातल्या एकानेही तेवढं केलं नव्हतं. सर मला फोनवर म्हणाले, "मॅडम, आकडे तुम्ही बघायला नको होते?" आणि माझं निम्मं बिल कापलं.

माझीही चूक सांगते. मूळ लाखांचं पत्रक त्यांनी मेलवर पाठवलेलं होतं. दोन दिवस ते माझ्याकडे पडून होतं, मी उघडलंच नाही. आकड्यांना हात लावू नका म्हणाले होते ना, त्याचा राग.

आता तुमचं. शीट भागायला घेण्याआधी मूळ पत्रकात 'कोटी', 'लाख' आणि 'हजार' हे शब्द शोधा. जिथे सापडतील तिथली प्रत्येक रक्कम आधी पूर्ण रुपयांत, सगळ्या शून्यांसकट लिहा आणि मग मिलियन करा. स्वल्पविरामांची जागाही बदला : २०,००,००० शेअर्स इंग्रजी वाचकासाठी २,०००,०००. दर्शनी मूल्य, प्रतिशेअर मिळकत, टक्के आणि टीप क्रमांक यांना भागायचं नाही. शेवटी प्रतिशेअर मिळकत नव्या आकड्यांवरून परत काढा. आमच्या उदाहरणात ४१.२६ मिलियन भागिले २ मिलियन शेअर्स, उत्तर २०.६३. मुळाशी जुळलं तर नफा आणि शेअर्स एका मापात आले. आकस्मिक देण्यांना मात्र अशी कसोटी नाही, ती डोळ्यांनीच वाचावी लागतात.

खरं म्हणजे ही वेळच येऊ नये. कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची तीननुसार पत्रकं मुळातच मिलियनमध्ये करता येतात आणि एकदा निवडलेलं एकक संपूर्ण पत्रकात एकसारखं ठेवावं लागतं. म्हणजे लाखांच्या पत्रकात तो 'कोटी' घुसला तिथेच पहिली चूक झाली, आणि ती माझी नव्हती. हे मी सरांना लेखी कळवलंय.

तुमचा गुंतवणूकदार कुठला ते तुम्ही लिहिलं नाही. इंग्रजी वाचणारा असेल तर शंभर कोटी म्हणजे एक बिलियन, प्रश्न मिटला. पोर्तुगालचा असेल तर सांभाळा. तिथे 'बिलियाँव' म्हणजे दशलक्ष गुणिले दशलक्ष, आपले एक लाख कोटी. शंभर कोटींना ते 'मिल मिल्योंइश' म्हणतात, हजार मिलियन. ब्राझीलमध्ये मात्र तोच शब्द किंचित वेगळ्या स्पेलिंगने आपल्या शंभर कोटींसाठी चालतो, त्यामुळे ब्राझीलचा नमुना समोर ठेवून लिस्बनला पाठवू नका. दशांशचिन्हही तिथे स्वल्पविराम असतं, ४१.२६ चं ४१,२६ करावं लागतं.

एक राहिलंच. सह्या असलेलं, ऑडिट झालेलं पत्रक लाखांचंच राहतं. तुमचं मिलियनचं फक्त सोयीसाठी. फरक आढळल्यास मूळ ग्राह्य, अशी ओळ प्रत्येक पानावर टाका आणि ऑडिटरची सही त्यावर चिकटवू नका. रुपयांचे डॉलर किंवा युरोही करू नका, 'मिलियन रुपये' एवढंच लिहा. आणि तुमच्या भाषांतरकाराला मूळ पत्रक पहिल्याच दिवशी द्या, वर 'उघडून बघा' असं सांगा.

बिल अजून निम्मंच आहे.