डीसी की सीईओ? आधी जमीन बघा

प्रश्न : खानापूर तालुक्यात आमचं घर आहे, पंचायत घराच्या नोंदीचा फॉर्म 9 देत नाही. जिल्हाधिकारी म्हणजे डीसी साहेबांकडे जाऊ की झेडपीच्या सीईओंकडे?

उत्तर : घर कुठल्या जमिनीवर आहे, त्यावर ठरेल. (आपण झेडपी म्हणतो, पण कर्नाटकात पाटीवर 'जिल्हा पंचायत' असतं.)

घर गावठाणात असेल, तर काम पंचायतीचं. ई-स्वत्तू या ऑनलाइन नोंदप्रणालीवर फॉर्म 9 पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी काढतो. त्याच्यावर तालुका पंचायतीचा कार्यकारी अधिकारी म्हणजे ईओ आणि ईओच्या वर सीईओ. पीडीओने अडवलं, तर तक्रार याच वाटेनं वर न्यायची. डीसींकडे दिलेला अर्ज बहुतेक वेळा शेरा मारून सीईओंकडेच धाडतात. माझ्या मामांचा तसाच फिरून आला, महिना फुकट गेला. सीईओ डीसींच्या हाताखालचे नाहीत, दोघांची खाती वेगळी.

घर शेताच्या सर्व्हे नंबरात असेल, तर मात्र पीडीओशी भांडून उपयोग नाही. उताऱ्यावर जमीन शेतीची असेपर्यंत फॉर्म 9 मिळत नाही. एनए करून घ्यावं लागतं, आणि ते 1964च्या महसूल कायद्याच्या कलम 95 खाली डीसींच्या अखत्यारीत येतं. तिथली साखळी तलाठी, तहसीलदार, प्रांत अशी.

खरी अडचण गावठाणाच्या काठावरच्या घरांची. पंचायत घरपट्टी घेते, पावती देते, म्हणून माणूस निर्धास्त असतो, पण पावतीवरून जमीन गावठाणात आहे हे सिद्ध होत नाही. आधी भूमापन खात्याकडून मोजणी करून नकाशा घ्या आणि घर हद्दीच्या आत आहे का ते पाहा. मग अर्ज कुठे द्यायचा ते ठरवा.